महेश तुकाराम पाटील आणि महेश बसप्पा पाटील: नाव बदलून पाठवलेल्या अर्जांनी नोकरीतील भेदभाव कसा मोजावा

बेळगावात कोणी आपले आडनाव पाटील असल्याचे सांगितले, तर समोरचा हमखास विचारतो, “पाटील म्हणजे कुठले?” सीमाभागात हे आडनाव मराठी घरात आहे तसेच कन्नड घरातही आहे, आणि कुलकर्णी, देशपांडे, जोशी, देसाई यांचेही तसेच आहे. नोकरीच्या अर्जावरील नाव पाहून मालक अर्जदाराला वेगळे वागवतो का, हे मोजायचे असेल, तर या एका प्रश्नातच प्रयोगाची सगळी अडचण सामावलेली आहे. गुणवत्तेने समान असलेले अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवायचे आणि मुलाखतीचे बोलावणे कोणाला किती येते ते मोजायचे, ही पद्धत वाचताना सोपी वाटते. प्रत्यक्षात तिचे बरेवाईट पहिला अर्ज पाठवण्याआधीच ठरून गेलेले असते.

या पद्धतीचे सर्वांत परिचित उदाहरण अमेरिकेतील आहे. मॅरिआन बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन यांनी शिकागो आणि बॉस्टन येथील सुमारे 1,300 जाहिरातींना जवळजवळ 5,000 अर्ज पाठवले. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार गोऱ्या वाटणाऱ्या नावांना शंभरातून सुमारे 9.7 बोलावणी आली आणि काळ्या वाटणाऱ्या नावांना सुमारे 6.5 आली. आपल्याकडे सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी 66 आठवडे वृत्तपत्रांतील 548 जाहिरातींना 4,808 अर्ज पाठवले. 2007 मध्ये त्यांनी दाखवले की, उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश होती आणि मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश. मात्र 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दिल्लीच्या अभ्यासात अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांना सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांमध्ये जातीनुसार ठळक फरक आढळला नाही, तर कॉल सेंटरच्या नोकऱ्यांमध्ये काही फरक दिसला. म्हणजे उत्तर शहराइतकेच व्यवसायावरही अवलंबून असते, आणि म्हणून पहिली पायरी एकच व्यवसाय निवडण्याची आहे.

व्यवसाय कोणता घ्यावा

बेळगावसाठी मी हिशेबनीसाचे काम निवडीन. बी.कॉम., टॅली, जीएसटीची विवरणपत्रे आणि दोन वर्षांचा अनुभव एवढी मागणी असलेल्या जाहिराती उद्यमबाग, मच्छे आणि होनगा येथील कारखान्यांपासून खडेबाजारातील पेढ्यांपर्यंत सगळीकडून येतात. हे काम बहुतांशी पडद्यामागचे आहे, हे त्याहून महत्त्वाचे. दुकानातील विक्रेत्याला ग्राहकाशी कन्नड बोलावे लागते, त्यामुळे तिथे मराठी नावाला कमी बोलावणी आली तरी तो भेदभाव होता की भाषेची रास्त गरज, हे सांगता येत नाही. हिशेबनिसाच्या बाबतीत ही शंका पूर्ण जात नाही, पण बरीच कमी होते. उरलेली कमी करण्यासाठी दोन्ही अर्जांत मराठी, कन्नड, हिंदी आणि इंग्रजी या चारही भाषा लिहिता, वाचता आणि बोलता येतात असे सारख्याच शब्दांत लिहावे. बेळगावात असा माणूस दुर्मिळ नाही, त्यामुळे त्यात कोणाला काही खटकणार नाही.

सरकारी जागा वगळाव्यात, कारण तिथे परीक्षा आणि कागदपत्रे असतात, आणि खोटी कागदपत्रे बनवणे हा गुन्हा आहे. या प्रयोगात गुणपत्रक, आधार किंवा अनुभवाचा दाखला कधीही जोडायचा नाही. अर्जासोबतच कागदपत्रे मागणारी जाहिरात सोडून द्यावी आणि ती सोडल्याची नोंद ठेवावी.

नावे: सगळ्यांत जास्त वेळ इथे द्यावा

नाव फक्त भाषा सांगत नाही. ते जात, धर्म, वय, गाव आणि घरची परिस्थितीही सांगते, किंवा निदान वाचणाऱ्याला तसे वाटते. शिकागोच्या प्रयोगावरील एक नेहमीचा आक्षेप हाच आहे की, निवडलेली काही नावे वंशाबरोबर गरिबीचीही खूण वाटू शकत होती. सीमाभागात हा गुंता जास्त घट्ट आहे. हिरेमठ हे नाव वाचताच स्थानिक माणसाला भाषेच्या आधी जंगम समाज आठवतो. त्यातही वडिलांचे नाव ‘अय्या’ने संपणारे नसेल, तर एखाद्या जाणत्याला ते खटकू शकते. दुसऱ्या बाजूला चव्हाण, पवार, जाधव ही नावे बिनधोक मराठी वाटतात खरी, पण उत्तर कर्नाटकात लमाणी समाजातही ती सर्रास आढळतात, त्यामुळे हुबळीचा मालक तीच नावे वेगळ्या अर्थाने वाचू शकतो. शिवाजी किंवा संभाजी हे पहिले नाव घेतले, तर सीमाप्रश्नाची आठवण अर्जाबरोबरच पोहोचते, आणि बसवराज घेतले तर लिंगायत परंपरेची.

म्हणून मी दोन जोड्या सुचवतो. पहिलीला दबकी जोडी म्हणू: महेश तुकाराम पाटील आणि महेश बसप्पा पाटील. पहिले नाव तेच, आडनाव तेच, फरक फक्त वडिलांच्या नावाचा. उत्तर कर्नाटकातील कन्नड घरांतही स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम चालतो, त्यामुळे दोन्ही नावे सहज वाटतात. ही जोडी बेळगाव आणि आसपासच्या भागाबाहेर फारशी कुठे जमणार नाही. दुसरी ठसठशीत जोडी: महेश तुकाराम मोरे आणि महेश मल्लप्पा अंगडी. इथे आडनावच भाषा सांगते, पण त्याबरोबर जातही सांगते: अंगडी म्हटले की स्थानिक माणसाला लिंगायत समाज आठवतो. दबक्या जोडीत जातीची खूण कमी असते, मात्र घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून मधले नाव निसटू शकते, आणि मग खरा फरक असूनही आकड्यांत शून्य दिसतो. ठसठशीत जोडीत फरक दिसला आणि दबक्या जोडीत दिसला नाही, तर याचे दोन अर्थ होतात: एक तर मालक जातीवर प्रतिक्रिया देत आहे, नाहीतर त्याने मधले नाव वाचलेच नाही. यातले कोणते खरे, हे ओळखण्यासाठी मधले नाव ईमेलच्या विषयात, फाइलच्या नावात आणि बायोडाटाच्या मथळ्यात, तिन्ही ठिकाणी पूर्ण लिहावे. एवढे करूनही दोन जोड्यांच्या निकालांतला फरक उरला, तर न वाचल्याची सबब बरीच कमकुवत होते.

नावे आपल्या कानांवर विसंबून ठरवू नयेत. नोकर भरती करणारे किंवा पूर्वी केलेले पन्नास-साठ लोक शोधावेत, त्यांतील निम्मे मराठी आणि निम्मे कन्नड असावेत. प्रत्येकाला दहा-बारा नावे उलटसुलट क्रमाने दाखवून प्रत्येक नावाबद्दल घरची भाषा, समाज, अंदाजे वय आणि घरची आर्थिक स्थिती विचारावी. दहापैकी नऊ जणांनी भाषा बरोबर ओळखलेलीच नावे ठेवावीत, आणि जोडीतील दोन्ही नावांबद्दल वय आणि आर्थिक स्थितीची उत्तरे जवळपास सारखी यायला हवीत. तुकाराम हे वडिलांचे नाव लोकांना बसप्पापेक्षा खेडवळ वाटले, तर जोडी बदलावी. या चाचणीत भाग घेतलेल्या कोणाच्याही संस्थेला नंतर अर्ज पाठवू नये.

बायोडाटा: समान, पण सारखा नाही

एकाच मालकाला एकसारखे दोन कागद गेले, तर तो पाचव्या मिनिटाला ओळखतो. म्हणून ‘क’ आणि ‘ख’ असे दोन साचे बनवावेत. त्यांची मांडणी, अक्षरांचे वळण, वाक्ये आणि छंद वेगळे असावेत, पण पदवी, टक्केवारीचा गट, अनुभवाचे महिने आणि कौशल्ये तोलामोलाची असावीत. कोणत्या जाहिरातीसाठी मराठी नाव ‘क’ साच्यावर आणि कोणत्या जाहिरातीसाठी ‘ख’ साच्यावर जाईल, हे दर वेळी चिठ्ठी टाकून किंवा संगणकाने काढलेल्या क्रमांकाने ठरवावे. मराठी नाव कायम देखण्या साच्याला चिकटले, तर शेवटी आपण नावाचा नव्हे, तर मांडणीचा परिणाम मोजून बसतो. ही चूक नंतर कोणत्याही गणिताने दुरुस्त होत नाही.

नावाव्यतिरिक्त भाषेची खूण सांगणाऱ्या जागा शोधून त्या पुसाव्या लागतात. शाळेचे माध्यम दोघांचे इंग्रजी ठेवावे किंवा अजिबात लिहू नये. पत्ता देताना शहापूर, वडगाव यांसारखी वाचणाऱ्याला ठरावीक वस्तीची आठवण करून देणारी नावे टाळून टिळकवाडीसारखा मिश्र भाग घ्यावा. शहराचे नाव 2014 पासून अधिकृतपणे बेळगावी झाले आहे. अर्जात कोणी बेळगाव लिहितो आणि कोणी बेळगावी, आणि आपल्याकडे हीसुद्धा खूणच आहे. दोन्ही अर्जांत अधिकृत रूपच वापरावे, स्वतःला ते कितीही खटकले तरी.

अनुभवाच्या बाबतीत गाव लहान असण्याचा त्रास होतो. उद्यमबागेतील कोणत्याही कारखान्याचे नाव लिहिले की मालक तिथल्या ओळखीच्या माणसाला फोन करतो आणि प्रयोग तिथेच संपतो. बेळगावची मुले नोकरीसाठी पुण्याला जातातच, म्हणून अनुभव ‘पुण्यातील सनदी लेखापालांच्या कार्यालयात’ असा, कार्यालयाचे नाव न देता लिहावा. ते थोडे अपुरे दिसते, पण दोन्ही अर्जांत सारखेच अपुरे असल्याने तुलना बिघडत नाही.

एक अर्ज की दोन, आणि एकूण किती

एका जाहिरातीला चिठ्ठी टाकून एकच अर्ज पाठवला, तर संशयाचा प्रश्न उरत नाही, पण जाहिराती जास्त लागतात. समजा, एका नावाला शंभरात 20 आणि दुसऱ्याला 14 बोलावणी येतात असा आपला अंदाज आहे. असा फरक खरोखर असेल तर दहापैकी आठ वेळा तो पकडता यावा, एवढ्या खात्रीसाठी प्रत्येक नावाचे सुमारे 610, म्हणजे एकूण 1,220 अर्ज लागतील. आठवड्याला योग्य अशा 15 जाहिराती मिळाल्या, तर या कामाला दीड वर्षाहून जास्त काळ जाईल. प्रत्येक जाहिरातीला दोन्ही अर्ज पाठवले, तर साधारण निम्म्या वेळात काम होते आणि मालकाच्या स्वभावातील फरकही आपोआप वगळला जातो, कारण दोन्ही नावे त्याच मालकापुढे जातात. मोठ्या गावात मी जोडीच पाठवीन. बेळगावात मात्र चार-पाच माणसांच्या पेढीला एक आणि ज्या संस्थेत अर्ज निवडणारा वेगळा माणूस आहे तिथे जोडी, असे करावे आणि क्षेत्र हुबळी-धारवाडपर्यंत वाढवावे. दोन्ही अर्जांत एका दिवसाचे अंतर ठेवावे आणि पहिले कोणते जाईल हेही चिठ्ठीनेच ठरवावे.

जाहिरात कुठून घेतली याची नोंद अत्यावश्यक आहे. तरुण भारत किंवा पुढारीमध्ये जाहिरात देणाऱ्या मालकाने मराठी वाचकापर्यंत पोहोचायचे आधीच ठरवलेले असते, आणि कन्नड दैनिकात देणाऱ्याने त्याच्या उलट. फक्त मराठी दैनिकांतून जाहिराती घेतल्या, तर भेदभाव नसल्याचे चित्र सहज उभे राहील, आणि ते खोटे असेल. म्हणून मराठी दैनिके, कन्नड दैनिके आणि नोकरीची संकेतस्थळे असे तीन गट करून प्रत्येकातून ठरलेला वाटा घ्यावा आणि निकालही आधी गटवार पाहावा.

फोन, ट्रूकॉलर आणि व्हॉट्सअॅप

परदेशी अभ्यासांत निरोप बहुधा व्हॉइसमेलवर किंवा ईमेलवर येतो आणि तोच मोजला जातो. आपल्याकडे फोन दोनदा वाजतो आणि बंद होतो, नाहीतर व्हॉट्सअॅपवर “उद्या 11 ला या” एवढेच येते. निव्वळ मिस्ड कॉल कोणत्या जाहिरातीचा, हे कळायला मार्ग नसतो. म्हणून प्रत्येक नावासाठी वेगळे सिमकार्ड घ्यावे, ते संशोधकाच्याच नावावर आणि खऱ्या ओळखपत्रावर असावे, आणि फोन उचलावा. उचलणारा माणूस सगळ्या नावांसाठी एकच असावा आणि त्याने ठरलेलीच वाक्ये बोलावीत: कुठून बोलता, कोणत्या जागेसाठी, आणि लगेच, “मला दुसरीकडे काम मिळाले आहे, क्षमस्व.” बोलावणे आल्यावर चोवीस तासांच्या आत नकार द्यायचाच, कारण त्या जागेसाठी खरा उमेदवार वाट पाहत असतो. फोन करणाऱ्याने सुरुवात कन्नडमध्ये केली की मराठीत, हेही टिपून ठेवावे. ती माहिती फुकट मिळते आणि नाव कसे वाचले गेले, हे त्यावरून कळते.

आमच्या सरावाच्या फेरीत एक मजेशीर फजिती झाली. एका ठिकाणाहून फोन आला आणि पलीकडचे गृहस्थ म्हणाले, “तुम्ही महेश अंगडी ना? मग इथे सुतार सर का दिसतंय?” सिमकार्ड एका सहकाऱ्याकडे पूर्वी वापरात होते आणि ट्रूकॉलरवर त्यांचेच नाव झळकत होते. तेव्हापासून नवीनच क्रमांक घेतो, प्रत्येक क्रमांक वापरण्याआधी दुसऱ्या फोनवरून तो कसा दिसतो ते तपासतो आणि व्हॉट्सअॅपवर छायाचित्र ठेवत नाही. त्या फेरीतील सगळे अर्ज हिशेबातून काढावे लागले.

अर्ज गेल्यापासून 30 दिवसांत आलेलेच बोलावणे धरायचे, हे आधी लिहून ठेवावे. “आणखी माहिती पाठवा” असा निरोप बोलावणे मानायचा की नाही, हेही आधीच ठरवावे. निरोपांची वर्गवारी करणाऱ्याला अर्ज कोणत्या नावाचा होता हे कळू देऊ नये.

हिशेब कसा करावा

पुढील आकडे केवळ समजावण्यासाठी कल्पिलेले आहेत, आणि प्रत्यक्षात फरक उलट दिशेचा निघू शकतो किंवा निघणारही नाही. समजा, 600 जाहिरातींना जोडी पाठवली. 70 ठिकाणी दोघांनाही बोलावले, 48 ठिकाणी फक्त कन्नड नावाला, 26 ठिकाणी फक्त मराठी नावाला, आणि 456 ठिकाणी कोणालाच नाही. म्हणजे कन्नड नावाला 118 बोलावणी, 19.7 टक्के, मराठी नावाला 96, म्हणजे 16 टक्के. इथे दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे 48 ठिकाणी भेदभाव झाला असे लिहिणे. तसे म्हटले, तर उरलेल्या 26 ठिकाणी उलटा भेदभाव झाला असे मानावे लागेल. खरे तर दोन सारख्या अर्जांतून एकच उचलण्याचा योगायोग दोन्ही आकड्यांत मिसळलेला असतो, आणि अर्थ फक्त त्यांच्या फरकाला असतो. दुसरी चूक म्हणजे जोडी मोडून दोन टक्केवारींची सरळ तुलना करणे. तशी केली, तर हा फरक योगायोगानेही येऊ शकेल असे उत्तर मिळते. जोडी राखून मॅकनेमार चाचणी लावली, तर 48 आणि 26 या आकड्यांचाच विचार होतो: फरकाचा वर्ग 484, भागिले बेरीज 74, उत्तर 6.54. निव्वळ योगायोगाने शंभरात पाचच वेळा ओलांडली जाणारी मर्यादा 3.84 ची असल्याने हा फरक निव्वळ योगायोग मानणे कठीण जाते. आर या संगणकीय भाषेत ते एका ओळीत होते:

```
mcnemar.test(matrix(c(70,26,48,456),2), correct=FALSE)
```

ज्या लहान पेढ्यांना एकच अर्ज गेला, त्या या तक्त्यात मिसळू नयेत. त्यांची टक्केवारी वेगळी काढावी.

काय सांगता येते आणि काय नाही

आपण मोजलेले असते ते बोलावणे. नेमणूक, पगार किंवा बढती यांपैकी काहीच आपण मोजत नाही. बेळगावातील कितीतरी जागा जाहिरातीविना, ओळखीच्या माणसाच्या सांगण्यावरून भरल्या जातात किंवा जाहिरातीत “प्रत्यक्ष भेटा” एवढेच असते. तिथे भेदभाव जास्त असला किंवा कमी असला, तरी तो या पद्धतीच्या जाळ्यात सापडत नाही. अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन यांचा आक्षेपही लक्षात ठेवावा: कागदावर दोघे समान असले, तरी एका गटातील उमेदवार कमीजास्त दर्जाचे निघतात असे मालकाला वाटत असेल, तर त्या अनिश्चिततेमुळेही बोलावण्यांत फरक पडू शकतो. चारही भाषा येतात असे अर्जात लिहूनही मालकाने मनात “कन्नड खरेच येत असेल का?” असे म्हटले, तर तो याच प्रकारात मोडतो. ते तपासण्यासाठी निम्म्या जोड्यांत, चिठ्ठी टाकून, “मागील नोकरीत कन्नड आणि मराठी दोन्हींत पत्रव्यवहार केला” असे वाक्य दोन्ही अर्जांत घालावे. त्या जोड्यांत फरक कमी झाला, तर भाषेची शंका हे एक कारण होते असे म्हणता येईल.

एकेका संस्थेला एकच जोडी गेलेली असल्याने कोणत्याही एका मालकाबद्दल काहीही सिद्ध होत नाही, म्हणून संस्थांची नावे प्रसिद्ध करू नयेत. नोंदवहीत संस्थेच्या जागी क्रमांक ठेवावा, नावांची किल्ली वेगळ्या ठिकाणी ठेवावी आणि विश्लेषण संपल्यावर ती नष्ट करावी. मालकांचा वेळ त्यांच्या संमतीविना घेतला जातो, त्यामुळे महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या नैतिक समितीची लेखी मान्यता पहिल्या अर्जाआधी घ्यावी. जाताजाता एक गोष्ट: घटनेच्या सोळाव्या कलमातील दुसऱ्या खंडात धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान आणि निवास यांची नावे आहेत, भाषेचे नाही, आणि ते कलम मुळात सरकारी नोकरीपुरतेच आहे. त्यामुळे हा अहवाल तक्रारीचा पुरावा म्हणून हातात धरून कोणी खासगी कारखान्याच्या दारात जाऊ नये.

निष्कर्षाचे वाक्य लिहिताना दबक्या आणि ठसठशीत जोडीचे आकडे शेजारी शेजारी द्यावेत. वरील कल्पित आकडे ठसठशीत जोडीचे असते, तर मी असे लिहीन: “बेळगाव आणि हुबळी-धारवाड येथील हिशेबनिसाच्या, जाहिरात देऊन भरल्या जाणाऱ्या खासगी जागांसाठी, स्थानिक वाचक मराठी समजतो अशा नावापेक्षा, तो कन्नड आणि लिंगायत समजतो अशा नावाला शंभर अर्जांमागे सुमारे साडेतीन बोलावणी अधिक आली.” त्यातील ‘आणि लिंगायत’ हे दोन शब्द संपादक हमखास कापायला सांगेल. ते कापू देऊ नयेत.